अडगळीची खोली: फोटोपासून मांडणीपर्यंतच्या नोंदी

१५ जानेवारी

मावशीने खोलीचे चार फोटो पाठवले. खोली २४० बाय १८० सेंटिमीटर, दार आखूड भिंतीला आणि बाहेर उघडणारं. डाव्या भिंतीला १२० सेंटिमीटर लांबीच्या दोन लोखंडी मांडण्या शेजारी शेजारी, त्यांत पार्टिकल बोर्डच्या फळ्या. उजवीकडे आणि मागे जमिनीवर ढीग. तिची मागणी स्पष्ट आहे: "मला काही टाकायचं नाही, पण पावसाळ्याच्या आदल्या दिवशी रेनकोट शोधायला अर्धी खोली उपसावी लागू नये."

कामाची दिशा यावरूनच ठरते. वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या वस्तू इथे आहेत. त्या कोणत्या प्रकारच्या आहेत यापेक्षा त्या कधी एकत्र बाहेर येतात हे महत्त्वाचं. कापड एका खोक्यात, प्लॅस्टिक दुसऱ्यात, विजेच्या वस्तू तिसऱ्यात अशी वाटणी दिसायला नीटनेटकी असते, पण पाऊस आला की तिन्ही खोकी उघडावी लागतात. म्हणून इथे खोकी ऋतूवार लागतील.

फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले. अडगळीच्या फोटोत वस्तूंपेक्षा धूळ जास्त माहिती देते. पुढच्या ओळीतल्या वस्तूंवर बोटांचे ठसे आहेत, मागच्यांवर धुळीचा एकसंध थर. थर न मोडलेली वस्तू निदान एक पूर्ण वर्ष कोणी हलवलेली नाही असं धरून चाललो. दुसरी खूण म्हणजे मागच्या भिंतीशी असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे खालचे कोपरे चेपलेले आहेत. नुसत्या वजनाने पुठ्ठा सगळीकडून सारखा दबतो. फक्त खालचे कोपरे मऊ पडले असतील तर ओल चढते आहे. त्याच भिंतीच्या पायथ्याशी पांढरट पावडरही दिसते. ते क्षार आहेत, भिंतीतलं पाणी वाळताना मागे ठेवून जातं.

तिसरी शंका दुसऱ्या मांडणीच्या मधल्या फळीबद्दल आहे. ती वाकलेली वाटते, पण हा फोटो वाइड लेन्सने काढलेला आहे आणि अशा लेन्समध्ये कडेच्या सरळ रेषाही बाक घेतात. फोटोवरून निकाल देता येणार नाही. मावशीला सांगितलं की दारात जितकं मागे जाता येईल तितकं जा, लेन्स १x वर ठेव, फ्लॅश बंद ठेव आणि टॉर्चचा उजेड बाजूने पाड. समोरून पडणारा फ्लॅश सावल्या पुसून टाकतो; बाजूच्या उजेडात बाक, फुगवटा, ओल सगळं उठून दिसतं. मोजपट्टी उघडून फळीच्या कडेला ठेवायलाही सांगितलं, म्हणजे फोटोतच माप मिळेल.

१८ जानेवारी

प्रत्यक्ष गेलो. सामान हलवण्याआधी मोजमाप.

मधल्या फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून बांधला आणि मध्ये पट्टी धरली: १४ मिलिमीटर बाक. मीटरमागे २-३ मिलिमीटरपर्यंतचा बाक डोळ्याला सहसा जाणवत नाही, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या फळीत ३-४ मिलिमीटर चाललं असतं. फळी १८ मिलिमीटर जाड आहे आणि तिच्या नेमक्या मध्यभागी जुन्या वह्या-कागदांची दोन खोकी होती.

मांडणीवर 'प्रति फळी ६० किलो' असा शिक्का आहे. काकांनी तो दाखवून विचारलं, "एवढं वजन तर नव्हतंच, मग वाकली कशी?" वजन खरंच कमी होतं, ४० किलोच्या आसपास. पण तो आकडा फळीभर सारखं पसरलेल्या वजनाचा असतो. तेवढंच वजन मध्यभागी एकवटलं तर फळीतला ताण दुप्पट होतो आणि बाक सुमारे १.६ पट. त्यात पार्टिकल बोर्डचा स्वभाव असा की सततच्या वजनाखाली तो महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच राहतो आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. लोखंडी मांडणी घेतली म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची फसगत इथेच होते. खांब लोखंडाचे असले तरी वजन पेलते ती फळी.

आर्द्रतामापक दोन ठिकाणी ठेवला. दाराजवळ ६१ टक्के, मागच्या भिंतीशी जमिनीलगत ७४. सतत ७० च्या वर राहिलं की कापड, चामडं, कागद यांवर बुरशी धरायला लागते. मागची भिंत इमारतीची बाहेरची भिंत आहे, म्हणून थंड राहते आणि तिच्याजवळची हवा दमट होते. त्या भिंतीला काहीही टेकणार नाही, हा निर्णय आजच घेऊन टाकला. मावशीला जागा वाया जाते असं वाटलं. पण मधली वाट तशीही त्या भिंतीपर्यंत मोकळीच ठेवावी लागणार आहे.

१९ जानेवारी

सगळं बाहेर काढलं. हॉलमध्ये जमिनीवर टेपने चौकोन आखले: पाऊस, थंडी, उन्हाळा, प्रवास, सण-समारंभ, दुरुस्ती, कागदपत्रं. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मावशीला एकच प्रश्न विचारत होतो, "ही शेवटची कधी बाहेर काढलीस आणि तेव्हा सोबत काय काढलंस?" उत्तरांतून काही अनपेक्षित जोड्या निघाल्या. ताडपत्री मी दुरुस्तीत टाकली असती, पण ती दर पावसाळ्याआधी गच्चीतल्या कुंड्यांच्या मांडणीवर बांधली जाते, म्हणून तिची दोरी आणि हुक यांच्यासकट ती पावसात गेली. एक्स्टेंशन बोर्ड दोन होते. एक लाइटच्या माळांसोबतच निघतो, म्हणून तो माळांच्या खोक्यात जाईल.

काही वस्तू इथे बिघडत बसल्या होत्या. त्यांची कारणं लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षीही याच वस्तू ठेवायच्या आहेत.

तंबू उघडला तेव्हा आतली बाजू हाताला चिकट लागली, आंबूस वास आला आणि घडीच्या रेषांवर पारदर्शक पापुद्रे सुटत होते. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा जलरोधक लेप असतो. तंबू ओलसर असताना गुंडाळला की बंद पिशवीतली दमट ऊब त्या लेपाचं रासायनिक विघटन करते. एकदा चिकटपणा आला की धुऊन उपयोग होत नाही. पूर्ण लेप खरवडून नवा द्यावा लागेल आणि या तंबूसाठी ते परवडणारं नाही. दोऱ्या, खुंट्या आणि काठ्या ठेवल्या, कापड टाकून दिलं. स्लीपिंग बॅगा मात्र छान आहेत. त्या घट्ट पिशवीत कोंबलेल्या होत्या, त्या मोठ्या सुती पिशव्यांत सैल भरल्या. दाबून ठेवलेलं भरण फुगायचं विसरतं आणि मग ऊब धरत नाही. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्याही याच कारणासाठी पिसांच्या रजईला नकोत. साध्या चादरींना चालतील.

टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल तसेच राहिले होते. स्प्रिंगवर पांढरी-निळसर खरपुडी. सेलमधून अल्कली गळते, म्हणून हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसलं, मग ओल्या फडक्याने पुसून वाळवलं. टॉर्च चालू झाला. यापुढे सेल त्याच खोक्यात, पण वेगळ्या पिशवीत. चार्ज होणारा कंदील लिथियमचा आहे, तो निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेवला. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली तर लवकर झिजते आणि पूर्ण रिकामी राहिली तर पुन्हा चार्ज न होण्याची भीती.

दोन स्वेटरांना बारीक, वेडीवाकडी भोकं आणि शिवणीत रेशमासारखं जाळं. ही कसरीच्या अळीची खूण. अळी लोकर खाते आणि घामाचे-डागांचे कपडे तिला जास्त आवडतात, म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर आधी जातो. शेजारच्या सुती चादरींना काही झालेलं नव्हतं. ते दोन स्वेटर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवायला सांगितले. बाकीचे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या खोक्यात जातील. डांबरगोळ्या मावशीने आणून ठेवल्या होत्या, त्या नको म्हटलं. त्यांची वाफ बंद खोलीत साठते, श्वासावाटे शरीरात जाते, काही प्लॅस्टिकंही मऊ करते, आणि लहान मूल त्यांना गोळी समजून तोंडात घालू शकतं.

रंगाचा अर्धा डबा आणि थिनरची बाटली खोलीतून कायमची बाहेर. बंद खोली, कापड, कागद आणि पेट घेणारी वाफ यांना एकत्र राहू द्यायचं नाही.

२५ जानेवारी

मांडण्यांची दुरुस्ती. वाकलेली फळी फेकली नाही, उलटी केली, म्हणजे बाक वरच्या बाजूला आला. मग प्रत्येक फळीच्या मध्यावर, पुढे आणि मागे, उभा आधार दिला. हे आधार वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत आणि शेवटचा थेट जमिनीवर टेकलेला असायला हवा. नाहीतर वरच्या फळीचं ओझं आधारामार्फत खालच्या फळीच्या मध्यावर येतं आणि तीच आता जास्त वाकते. १२० सेंटिमीटरचा गाळा ६० चा झाला. लांबी निम्मी केली की, सेंटिमीटरमागे वजन तेवढंच असेल तर, बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. फळी दुप्पट जाड केली असती तर तो आठव्या हिश्श्यावर आला असता, म्हणून जाड फळीपेक्षा मधला आधार स्वस्त आणि जास्त उपयोगी.

उजव्या भिंतीला आतल्या अर्ध्या भागात तशीच तिसरी मांडणी उभी केली. दाराजवळचा उजवा अर्धा भाग मोकळा ठेवला, तिथे कूलर, शिडी आणि मोठा पंखा उभे राहतील. यांना फळीवर चढवण्यात अर्थ नाही.

सगळ्या मांडण्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे आहेत. हवा खेळायला ती फट हवी. पण सुटी उभी मांडणी वरून ओढली की पुढे झुकते, म्हणून वरच्या टोकाला ५ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा मध्ये घालून लांब स्क्रूने भिंतीला बांधली. आधी पाणसळ लावून घेतली. सर्वांत खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, कारण कधी पाणी आत आलं तर पहिलं नुकसान जमिनीवरच्या खोक्याचं होतं आणि झाडू आत जायलाही तेवढी जागा लागते.

दाराच्या खालच्या भागात जाळीची झडप बसवून घ्यायला काका तयार झाले. वरच्या बाजूला आधीपासून एक झरोका आहे. खालून हवा आत, वरून बाहेर.

१ फेब्रुवारी

खोकी आली. पुठ्ठ्याची सगळी काढून टाकली. पुठ्ठा ओल शोषतो, मऊ पडतो आणि त्याच्या डिंकावर झुरळं जगतात. नवी खोकी पारदर्शक, झाकणाची, बाहेरून ३८ सेंटिमीटर खोल, २७ रुंद, २५ उंच. फळी ४० सेंटिमीटर खोल. मधल्या आधारामुळे प्रत्येक गाळ्यात ५८ सेंटिमीटर मोकळे मिळतात, त्यात अशी दोन खोकी बसून ४ सेंटिमीटर उरतात. फळ्यांमधलं अंतर ३० ठेवलं, म्हणजे वरून ५ सेंटिमीटर बोटं घालायला. यापेक्षा कमी अंतरात खोकं ओढून काढताना झाकण वरच्या फळीला अडतं आणि माणूस मग खोकं बाहेर न काढता हात घालून चाचपतो. पसारा तिथून सुरू होतो.

खोकं एवढंच का, असं मावशीने विचारलं. तिला मोठी हवी होती. आत सुमारे २० लिटर मावतं. कपडे भरले तर ३-४ किलो, पण कागद ठासून भरला तर १५ किलोपर्यंत जातो. याच्या दुप्पट खोक्यात कागद भरला असता तर ३० किलो, ते तिला हलवताच आलं नसतं. मोठी खोकी फक्त रजया आणि ब्लँकेटसाठी दोन घेतली, ती सर्वांत वरच्या फळीवर, जिथे वर काही अडथळा नाही.

कुठे काय हे उंचीवरून ठरलं. खांद्याच्या वर जे काही असेल ते ५ किलोच्या आत. कागदपत्रांची खोकी सर्वांत खालच्या फळीवर, प्रत्येकी १० किलोपर्यंतच भरलेली आणि मधल्या आधाराला चिकटून. कंबर ते छाती या उंचीवर येणाऱ्या ऋतूची खोकी. आत्ता तिथे उन्हाळा आणि पाऊस आहेत. थंडी वर जाईल.

२ फेब्रुवारी

लेबलं. खोक्याचा क्रमांक आणि फळीची जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. फळीच्या कडेवर जागेची खूण आहे: ड१, ड२ या डाव्या मांडण्या, उ१ उजवी, आणि पुढे खालून मोजलेली फळी. म्हणजे ड२-३ ही डावीकडच्या दुसऱ्या मांडणीची तिसरी फळी. खोक्यावर फक्त क्रमांक, तो कधीही बदलायचा नाही. ऋतू बदलला की खोकं जागा बदलतं, क्रमांक तोच राहतो आणि वहीत फक्त जागेचा रकाना खोडून नवा लिहायचा. खोक्यावरच जागा छापली तर पहिल्या अदलाबदलीतच सगळी लेबलं खोटी ठरतात.

लेबल झाकणावर नाही. झाकणं एकसारखी असतात, एकाचं दुसऱ्यावर जातं. म्हणून खोक्याच्या पुढच्या बाजूला आणि एका लांब बाजूला. मासल्यासाठी एक इथे उतरवतो:

१२ · पाऊस · रेनकोट ४, छत्र्या ३, ताडपत्री, दोरी-हुक · पाऊस सुरू होण्याआधी पंधरा दिवस · हलकं

'कधी काढायचं' ही ओळ सगळ्यांत उपयोगाची आहे, कारण रेनकोट उघडून फाटलाय का ते बघायला वेळ मिळतो. 'हलकं' किंवा 'जड' हे उचलण्याआधी कळायला हवं. थर्मल प्रिंटरचं लेबल टाळलं, उजेडात आणि उष्णतेत ते फिकं पडतं किंवा काळवंडतं. साधा कागद, कायमस्वरूपी मार्कर, वरून पारदर्शक टेप.

'इतर' किंवा 'किरकोळ' नावाचं खोकं ठेवलं नाही. उरलेल्या वस्तूंसाठी एक उघडी टोपली दाराजवळ ठेवली, झाकणाशिवाय, म्हणजे ती भरली की दिसते.

मग फोटो. प्रत्येक खोक्याचे दोन: एक वरून, झाकण उघडं ठेवून, आणि एक सगळ्या वस्तू जमिनीवर पसरून. वरून काढलेल्या फोटोत खालचा थर दिसत नाही, तळाशी काय आहे हे दुसऱ्याने कळतं. दोन्हींत क्रमांकाची चिठ्ठी आत आली पाहिजे. फायलींची नावं अशी:

```
12_1_varun.jpg
12_2_pasrun.jpg
```

क्रमांक दोन अंकी ठेवला, 02, 12 असा, म्हणजे फोन फायली नावाने क्रमवार लावतो तेव्हा 10 हा 2 च्या आधी येत नाही. फोटो मावशी आणि काका दोघांच्या फोनवर एकाच सामायिक अल्बममध्ये आहेत.

९ फेब्रुवारी

शोधून पाहण्याची चाचणी. भरताना मावशी सोबत होती, म्हणून तिला विचारण्यात अर्थ नव्हता, तिला आठवणारच. काकांना खोलीबाहेर उभं करून वस्तूंची नावं दिली. छत्री, लाइटच्या माळा, स्लीपिंग बॅग त्यांनी लेबल वाचून लगेच काढल्या. टेबल फॅनची जाळी मात्र सापडेना. ते 'उन्हाळा' शोधत होते आणि मावशीने ती 'दुरुस्ती'त ठेवली होती, कारण तिचा एक क्लिप तुटलेला आहे. जाळी उन्हाळ्याच्या खोक्यात हलवली आणि लेबलवर 'क्लिप बदलायची' असं लिहिलं. शोधणाऱ्याच्या डोक्यात जिथे आधी येतं तिथे वस्तू गेली पाहिजे.

काकांनी स्वतःहून एक सूचना केली: "वही आत नको, दाराला आतून टांगा. आत गेल्यावर हात भरलेले असतात." वही दाराला, सोबत दोरीने बांधलेली पेन्सिल.

७ जून

पाऊस यायला थोडे दिवस आहेत. खोके १२ काढलं, दोन रेनकोटांच्या शिवणी सुटल्या होत्या, त्या शिवायला दिल्या. पाहुण्यांच्या चादरींचं खोकं सोडलं तर सगळं वहीप्रमाणे जागेवर होतं. ते ड१-२ ऐवजी उ१-२ वर होतं; फोटोने लगेच ओळखू आलं आणि वहीत जागा दुरुस्त केली.

दोरा पुन्हा ताणून पाहिला. उलट्या केलेल्या फळीचा उरलेला बाक दीड मिलिमीटर, तोही वरच्या बाजूला, आणि दुसऱ्या कोणत्याच फळीत नवीन बाक नाही. मागच्या भिंतीशी आर्द्रता ७१ टक्के आणि पाऊस अजून यायचाय, म्हणजे हा आकडा आणखी चढणार. फळ्यांवर मात्र ६४. भिंतीतली ओल झडपेने जाणार नाही, बाहेरून प्लॅस्टर तपासून घ्यावं लागेल. काकांना ते सांगितलं, काम पावसाळ्यानंतर. तोवर स्वेटरांच्या आणि कागदांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि वहीत महिन्यातून एकदा मापकाचा आकडा लिहायचा रकाना आखला.

१९ ऑक्टोबर

थंडीची खोकी खाली, पावसाची वर. रेनकोट दोन दिवस दोरीवर वाळवूनच भरले, ताडपत्रीच्या घडीत पाणी राहतं म्हणून ती उलगडून दोन्ही बाजूंनी वाळवली. कूलरची टाकी रिकामी करून पुसली, गवताचे पॅड काढून टाकले, नवे आणायचं वहीत मार्चच्या पानावर लिहिलं. सिलिका जेलच्या पुड्यांतले दाणे नारंगीचे हिरवे झाले होते, म्हणजे ओल भरली, त्या बदलल्या. फ्रीजरमधून काढलेल्या स्वेटरांत नवी भोकं नाहीत.

प्लॅस्टरवाला पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला मागच्या भिंतीचे जानेवारीतले आणि आजचे, बाजूच्या उजेडातले फोटो पाठवले आहेत. क्षारांची रेषा तेव्हा जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर होती, आज २३ वर आहे.